सेक्शन बिघडतो तेव्हा: दोष ब्लॉकचा, ब्लेडचा की मशीनचा?

सेक्शन बिघडला की बहुतेकांचा हात आधी ब्लेडकडे जातो. ब्लेड बदलले तरी रेघा तशाच, मग ब्लॉक पुन्हा बर्फावर, मग अँगल थोडा हलवून बघ, मग वॉटर बाथ दोन अंशांनी वाढव. कधीतरी बरा सेक्शन येतो, पण तो नेमका कशामुळे आला हे कुणालाच कळलेले नसते. तोवर ब्लॉकमधला शे-दीडशे मायक्रॉन टिश्यू कचऱ्यात गेलेला असतो. गर्भाशयाच्या मोठ्या तुकड्यात ते खपून जाते. एंडोस्कोपीच्या चिमुकल्या बायोप्सीत मात्र तेवढ्यात निदानाचा भागच निघून जाऊ शकतो.

हा लेख फक्त मेणात बसवलेल्या ब्लॉकसाठी आहे: रोटरी मायक्रोटोम, डिस्पोजेबल ब्लेड आणि ३ ते ५ मायक्रॉनचे सेक्शन. क्रायोस्टॅटचे गणित वेगळे असते.

हात लावण्याआधी दोन गोष्टी बघा

पहिली गोष्ट म्हणजे दोषाची दिशा. ब्लेडच्या धारेला समांतर, म्हणजे सेक्शनवर आडव्या, सारख्या अंतरावरच्या रेघा असतील तर कापताना काहीतरी थरथरते आहे. यालाच चॅटर म्हणतात. धारेला काटकोनात, वरून खाली जाणारी उभी चीर असेल तर धारेत खाच आहे, धारेला कचरा चिकटला आहे किंवा ब्लॉकमध्ये कडक कण आहे. दिशाच नसलेल्या चुण्या दिसत असतील तर सेक्शन कापताना दाबला गेला आहे किंवा बाथमध्ये नीट पसरलेला नाही. आणि टिश्यूच्या जागी भोके पडत असतील, टिश्यू मेणातून सुटून येत असेल, तर कारण बहुधा मायक्रोटोमवर नाहीच. ते प्रोसेसिंगमध्ये आहे.

दिशा ओळखायला सेक्शनपेक्षा ब्लॉकचा चेहरा जास्त उपयोगी पडतो. हँडव्हील लॉक करा, ब्लेडवर गार्ड ओढा, आणि खिडकीचा किंवा दिव्याचा उजेड ब्लॉकवर तिरका पडेल असे बघा. चांगला कापलेला चेहरा सारखा चमकतो. चॅटर असेल तर त्याच चमकेवर बारीक आडव्या पायऱ्या दिसतात. खाच असेल तर एकच उभी रेघ, ब्लॉकच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत.

दुसरी गोष्ट: टिश्यूभोवतालच्या मेणाकडे बघा. बहुतेक वेळा इथेच निकाल लागतो. रेघा मेणातही असतील तर दोष मशीनचा, ब्लेडचा किंवा पकडीचा. मेण गुळगुळीत आणि रेघा फक्त टिश्यूत असतील तर दोष टिश्यूचा. भोवती मेण पुरेसे नसेल, तर टिश्यू नसलेला नुसत्या मेणाचा ब्लॉक तयार ठेवावा. तो लावून त्याच सेटिंगवर पाच-सहा सेक्शन घेतले की मशीनबद्दलची शंका मिटते. असा एक कोरा ब्लॉक प्रत्येक मायक्रोटोमच्या बाजूला कायम असावा.

मेणातही चॅटर येत असेल तर

मेणात चॅटर म्हणजे कुठेतरी काहीतरी सैल आहे. ब्लॉकपासून सुरुवात करून ब्लेडकडे सरका, आणि एका वेळी एकच गोष्ट बदला.

कॅसेटच्या बाजूंना आणि पाठीला एम्बेडिंगच्या वेळी सांडलेले मेण चिकटलेले असते. क्लॅम्प प्लास्टिकला न पकडता त्या मेणाला पकडतो, आणि मेण दबते. हाताला ब्लॉक घट्ट वाटतो, पण धार लागली की तो किंचित मागे सरून पुढे येतो. कॅसेटच्या चारही बाजू खरवडून साफ केल्या की चॅटरच्या बऱ्याच तक्रारी तिथेच संपतात. ज्या लॅबमध्ये अजून एल-आकाराच्या धातूच्या पट्ट्यांमध्ये ब्लॉक ओततात आणि मग होल्डरवर चिकटवतात, तिथे ब्लॉक आणि होल्डर यांच्यातला मेणाचा सांधा तपासा. सांध्याला बारीक भेग असेल तर तापवलेल्या स्पॅट्युलाने तो वितळवून पुन्हा बसवावा लागतो.

मग ब्लेड होल्डर. प्रेशर प्लेटच्या आतल्या बाजूला मेणाचा पातळ थर आणि जुने बारीक तुकडे साचतात. त्यामुळे ब्लेड पूर्ण लांबीभर दाबले जात नाही. एका टोकाला घट्ट आणि मधे मोकळे राहते. अशा वेळी चॅटर ब्लेडच्या एका भागात येतो आणि दुसऱ्या भागात येत नाही. ब्लेड काढून प्लेट आणि खाच झायलीनमध्ये किंचित भिजवलेल्या कापडाने पुसा, कोरडी करा, मग ब्लेड पुन्हा बसवा. हे करताना क्रम पाळा: हँडव्हील लॉक, आधी ब्लेड बाहेर, मग बाकीची हाताळणी. ब्लेड लावताना उलटे, आधी ब्लॉक आणि शेवटी ब्लेड. मायक्रोटोमवर बोटे कापली जातात ती बहुधा ब्लॉक बदलताना, ब्लेडवर गार्ड नसताना.

होल्डरचा तळ, अँगलचा स्क्रू आणि आडवे सरकवण्याचा लिव्हर हे तिन्ही घट्ट आहेत ना, तेही बघा. ब्लेड आडवे सरकवल्यानंतर लिव्हर आवळायचा राहून जाणे ही रोजची गोष्ट आहे.

आता क्लिअरन्स अँगल. ब्लेडच्या खालच्या बाजूची उतरण आणि ब्लॉकचा चेहरा यांच्यातला हा कोन. डिस्पोजेबल ब्लेडला तो साधारण ३ ते ८ अंश लागतो, पण होल्डरवरचे आकडे प्रत्येक कंपनीचे वेगळे असतात. म्हणून दुसऱ्या मशीनवरचा आकडा आपल्या मशीनवर आणू नये. अँगल फार जास्त झाला तर ब्लेड कापण्याऐवजी खरवडू लागते आणि चॅटर येतो. फार कमी झाला तर ब्लेडची पाठ ब्लॉकला घासते. तेव्हा सेक्शन दाबला जातो, एक जाड एक पातळ असे सेक्शन येतात, आणि परतीच्या फेरीत रिबन ब्लॉकला चिकटून वर उचलली जाते. त्यामुळे दोष बघूनच अँगल कुठल्या दिशेने न्यायचा ते ठरते. बदल एका वेळी एक अंशाचा करा, लॉक आवळा, पाच सेक्शन घ्या आणि पुन्हा बघा. कोऱ्या मेणाच्या ब्लॉकवर सरळ, सारख्या जाडीची रिबन येईल तो आकडा मशीनवर चिकटपट्टीने लिहून ठेवा. एकदा जमलेला अँगल रोज बदलायची गरज नसते. जे रोज बदलतात त्यांचा खरा दोष बहुधा दुसरीकडे असतो.

हे सगळे करूनही कोऱ्या मेणात चॅटर राहिला आणि नवे ब्लेडही लावून झाले असेल, तर मशीनच्या आतली झीज आहे. ते काम सर्व्हिस इंजिनिअरचे.

उभी चीर: खाच की कण?

इथे एकच चाचणी पुरते. ब्लेड आडवे साधारण १० मिलिमीटर सरकवा आणि पुन्हा सेक्शन घ्या. चीर नाहीशी झाली किंवा टिश्यूवर दुसऱ्या जागी गेली, तर ती धारेतली खाच. चीर टिश्यूच्या त्याच जागेवर राहिली, तर ब्लॉकमध्ये कण आहे. कणामुळे आलेली चीर बहुधा मधूनच सुरू होते. धार कणाला भिडते, कण सुटतो आणि तिथून पुढे टिश्यूत ओढला जातो. खाचेची चीर मात्र कडेपासून कडेपर्यंत सलग असते.

सरकवण्याआधी धार एकदा पुसून बघा, कारण मेणाचा कण धारेच्या मागच्या बाजूला चिकटला तरी अशीच चीर येते. पुसताना झायलीनचा कपडा ब्लेडच्या पाठीकडून धारेकडे, वरच्या दिशेने एकदाच न्यायचा. धारेच्या लांबीने घासला की धार जाते आणि बोटही.

कण असेल तर तो काय आहे ते बघा. शस्त्रक्रियेतला टाका किंवा स्टेपल असेल तर सुईच्या टोकाने ब्लॉकमधून उचलून काढता येतो. कॅल्शियम असेल तर धार लागताना करकर आवाज येतो आणि ब्लॉकच्या चेहऱ्यावर पांढरट, खरबरीत ठिपका दिसतो. ब्लेडचा तो भाग गेला असे समजा आणि पुढचे सेक्शन दुसऱ्या भागावर घ्या. ब्लॉकचा चेहरा ५ टक्के फॉर्मिक अॅसिडमध्ये अर्धा ते एक तास पालथा ठेवा आणि पाण्याने नीट धुवा. अॅसिड फक्त वरच्या थरातले कॅल्शियम काढते, म्हणून हाती मोजकेच सेक्शन लागतात. ब्लॉक पुन्हा बसवताना चेहरा धारेला अगदी समांतर असला पाहिजे. तो तिरका बसला की सरळ करण्यातच मऊ झालेला थर निघून जातो. इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री लागणार असेल तर अॅसिड वापरल्याची नोंद ब्लॉकच्या रेकॉर्डमध्ये करावी.

फक्त टिश्यूत चॅटर: फायब्रॉइडचा ब्लॉक

समजा गर्भाशयातल्या फायब्रॉइडचा ब्लॉक आहे, ४ मायक्रॉनवर. भोवतालचे मेण स्वच्छ, ब्लेड नवे, पण टिश्यूत वरपासून खालपर्यंत आडव्या रेघा. धार टिश्यूवरून जाताना कर्र असा आवाज येतो. टिश्यूच्या कडा ठिसूळ, आणि ट्रिमिंगमध्ये त्याची पावडर पडते.

ही लक्षणे टिश्यू जास्त कोरडा झाल्याची आहेत. अल्कोहोल आणि झायलीनने टिश्यूतले, धरून ठेवायला हवे होते तेवढेही पाणी ओढून घेतले. स्नायू, प्लीहा, थायरॉइडमधला कोलॉइड, रक्ताच्या गुठळ्या यांना हे लवकर होते. छोट्या बायोप्सी मोठ्या नमुन्यांबरोबर रात्रभराच्या एकाच फेरीत टाकल्या तर त्यांनाही हेच होते, कारण ३ मिलिमीटर जाड तुकड्याला जेवढा वेळ लागतो तेवढा १ मिलिमीटरच्या तुकड्याला फारच होतो.

असा ब्लॉक आधी १५ ते २० मायक्रॉनवर ट्रिम करून टिश्यूचा पूर्ण चेहरा उघडा. चेहरा मेणाने झाकलेला असेल तर भिजवून काही होत नाही. आता ब्लॉक वितळत्या बर्फावर पालथा ठेवा. फ्रीजरमधून आत्ताच काढलेल्या कोरड्या, खडखडीत बर्फावर नको. त्यावर पाण्याचा थर दिसला पाहिजे. ८ ते १० मिनिटे पुरतात. बर्फ मेण थंड करून कडक करतो आणि पाणी उघड्या चेहऱ्यातून टिश्यूत शिरून त्याला मऊ करते. मेण आणि टिश्यू यांचा कडकपणा जवळजवळ एकसारखा होणे, हेच इथे साधायचे असते.

ब्लॉक टिपून कोरडा करा, लावा, आणि हँडव्हील हळू, सारख्या वेगाने फिरवा. झटक्याने फिरवले तर कडक टिश्यूत चॅटर हमखास येतो. पहिले एक-दोन सेक्शन टाकून द्या. थंड ब्लॉक उबदार होताना फुगतो, म्हणून ते ठरवल्यापेक्षा जाड येतात. त्यानंतरचे काही सेक्शन रेघांशिवाय आले आणि मग रेघा परतल्या, तर निदान पक्के झाले: पाणी जेवढे आत शिरले होते तेवढाच थर बरा होता. पुन्हा भिजवा आणि पुन्हा तेवढेच सेक्शन घ्या. अशा ब्लॉकवर लांबलचक रिबनचा हट्ट धरू नये.

भिजवून काहीच फरक पडला नाही, तर ब्लेडचा न वापरलेला भाग घ्या. कडक टिश्यूसाठी ट्रिमिंग ब्लेडच्या एका टोकावर आणि शेवटचे सेक्शन दुसऱ्या टोकावर, अशी सवयच लावून घ्यावी. भिजवण्याचा अतिरेकही होतो. छोटी बायोप्सी अर्धा-पाऊण तास पाण्यात राहिली तर टिश्यू फुगून मेणाच्या चेहऱ्याबाहेर येतो, आणि पहिल्याच फेरीत त्याचा जाड पापुद्रा निघून जातो. तिला दोन-तीन मिनिटे पुरतात.

त्याच फेरीतल्या सगळ्या ब्लॉकना चॅटर येत असेल तर एकेक ब्लॉक भिजवत बसण्यापेक्षा प्रोसेसरचा कार्यक्रम बघा. बायोप्सीसाठी वेगळी, कमी वेळाची फेरी नसेल तर ती लावून घ्या. मेणाच्या टाकीचे तापमानही तपासा. ते वितळणबिंदूच्या फक्त २-३ अंश वर असावे. जास्त गरम मेणात राहिलेला टिश्यू आणखी कडक होतो.

फोल्ड

फोल्ड बाथमध्ये दिसतात म्हणून बाथला दोष दिला जातो. पण आधी ब्लेडवरच सेक्शन बघा. ब्लॉकची वरून खाली उंची २० मिलिमीटर आहे आणि रिबनमधला एक सेक्शन १६ मिलिमीटरच भरतो, तर तो कापतानाच पाचव्या भागाने दाबला गेला. थोडा दाब नेहमीच असतो आणि गरम पाण्यात तो सुटतो. एवढा मात्र पूर्ण सुटत नाही, आणि त्या चुण्या स्लाइडवर येतात. कारणे तीन: ब्लॉक उबदार झाला, धार बोथट झाली, किंवा क्लिअरन्स अँगल कमी पडला. याच क्रमाने बघा. मराठवाडा-विदर्भात मे महिन्यात एसी नसलेल्या खोलीत पहिलेच कारण सापडते. ब्लॉक बर्फावरून काढल्यावर काही मिनिटांतच मऊ पडतो. तिथे ५८-६० अंशांवर वितळणारे मेण घेणे आणि एका वेळी दोन-तीनच ब्लॉक बर्फावर तयार ठेवणे सोयीचे. ब्लॉक डीप फ्रीजरमध्ये टाकू नयेत. मेणाला तडे जातात आणि ते टिश्यूपासून सुटते.

ब्लेडवर सेक्शन सपाट असेल आणि चुण्या पाण्यावरच पडत असतील, तेव्हा बाथकडे या. पाण्याचे तापमान मेणाच्या वितळणबिंदूपेक्षा साधारण १० अंश कमी असावे. म्हणजे ५६-५८ च्या मेणाला ४५ च्या आसपास सुरुवात करून दोन-तीन अंश वरखाली बघावे. मशीनच्या डिस्प्लेवर विसंबू नका, पाण्यात थर्मामीटर बुडवून बघा. पाणी थंड असेल तर चुण्या उघडतच नाहीत. गरम असेल तर मेण पसरते, टिश्यू ताणला जातो, पेशींमध्ये फटी पडतात, आणि मायक्रोस्कोपखाली तो आजारासारखा भासू शकतो.

रिबन पाण्यावर सोडताना चमकदार बाजू खाली ठेवा. दूरचे टोक आधी पाण्याला लावा आणि जवळचे टोक हलक्या हाताने मागे ओढत टेकवा. चुण्या ओढायची संधी त्या पहिल्या दोन-तीन सेकंदांतच असते. नंतर सेक्शन पसरतो आणि ओढला की फाटतो. हट्टी चुण्यांसाठी रिबन आधी २० टक्के अल्कोहोलवर सोडून मग स्लाइडने उचलून गरम पाण्यावर न्यावी. अल्कोहोल आणि पाणी यांच्या पृष्ठताणातल्या फरकामुळे सेक्शन झपकन ताठ होतो. नाजूक, चरबीच्या टिश्यूवर हे करू नका. त्याच झटक्याने तो फुटतो.

प्रत्येक सेक्शनमध्ये एकाच जागी फोल्ड पडत असेल तर एम्बेडिंगकडे बघा. त्वचेची किंवा आतड्याची लांब पट्टी धारेला समांतर बसवली की तिची अख्खी दाट कड एकदम धारेला भिडते. पट्टी तिरकी बसवा, आणि त्वचेचा एपिथेलियम धारेला शेवटी लागेल अशी दिशा ठेवा.

फाटणे आणि भोके

भोक दिसले की आधी एक साधे कारण तपासा. जोरात ट्रिमिंग केल्याने टिश्यूचे कण उपटले गेले असतील. ३० मायक्रॉनवर ट्रिम करून लगेच ४ मायक्रॉनचा सेक्शन घेतला की तो किडीने खाल्ल्यासारखा दिसतो. ब्लॉक थंड करा आणि ४-५ मायक्रॉनवर दहा-पंधरा सेक्शन टाकून द्या. भोके कमी होत गेली तर प्रोसेसिंग ठीक आहे.

कमी झाली नाहीत तर ब्लॉक चेहरा वर करून दोन-तीन तास तसाच ठेवा. नीट प्रोसेस झालेला टिश्यू मेणाच्या पातळीत राहतो. आत पाणी किंवा झायलीन राहिले असेल तर ते उडून जाते आणि टिश्यू मेणाच्या खाली खचतो. बोटाच्या पेराने खळगा कळतो. झायलीनचा वास येत असेल आणि टिश्यू लिबलिबीत असेल तर मेण पुरेसे शिरलेले नाही. अशा वेळी ब्लॉक वितळवून टिश्यू ताज्या मेणात, शक्यतो व्हॅक्यूमखाली, तासभर ठेवून पुन्हा एम्बेड केला की बऱ्याचदा भागते. टिश्यूच्या मधोमध पांढरट, ओलसर, भुसभुशीत भाग असेल तर आत पाणी राहिले आहे, आणि मेण कितीही बदलले तरी उपयोग नाही. तिथे उलटे जावे लागते: मेण वितळवून टिपायचे, ताजे झायलीन दोनदा, अब्सोल्यूट अल्कोहोल दोनदा, आणि तिथून पुन्हा नवे झायलीन व नवे मेण. तुकडा ४ मिलिमीटरपेक्षा जाड असेल तर याच वेळी तो पातळ करून घ्या, नाहीतर मधला भाग पुन्हा तसाच निघेल.

स्तनाच्या नमुन्यांत हे फार होते, कारण चरबीतून अल्कोहोल सावकाश शिरते. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात त्यात आणखी भर पडते. अब्सोल्यूट अल्कोहोल हवेतली ओल ओढून घेते, आणि बाटलीवर १०० टक्के लिहिलेले असले तरी टाकीत तेवढे उरत नाही. थोडे अल्कोहोल काढून त्यात निर्जल, पांढरे कॉपर सल्फेट चिमूटभर टाका. ते निळे झाले तर पाणी आहे, टाकी बदला. पहिल्या झायलीनच्या टाकीत दुधाळ झाक दिसली तर अर्थ तोच. जून ते सप्टेंबर ही तपासणी आठवड्यातून दोनदा करावी, आणि शेवटच्या अल्कोहोलच्या टाकीचे झाकण फेरी सुरू होईपर्यंत उघडू नये.